पिवळ्या लेबलची बातमी

प्रेसनोट मी खालून वर वाचते. माझ्यासमोर बसून कुणी मोठ्या हौसेनं लिहून आणलेला कागद देतं आणि मी थेट शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवते, तेव्हा त्या माणसाचा चेहरा पडतो. पडू दे. ही खोड मला या शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून आहे. तेव्हा मी एका मराठी दैनिकात जिल्हा पानावर उपसंपादक होते. टेबलावर प्रेसनोटांचा ढीग यायचा. वरचे दोन परिच्छेद मान्यवरांचे, मधला संस्थेच्या थोरवीचा, आणि तळाशी, आभारांच्या जरा वर, 'तसेच' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीत बातमी. 'तसेच' दिसलं की मी लाल पेनानं तिथं गोल करायची आणि वरचं सगळं उडवून टाकायची. वेळ असला तर. वेळ नसला की पानात बसेल तेवढं वरून घ्यायचं आणि उरलेलं खालून कापायचं, ही प्रत्येक वर्तमानपत्राची रीत. म्हणजे थोरवी छापून यायची आणि बातमी टोपलीत.

पुढं रात्रपाळीला कंटाळून मी नोकरी बदलली आणि एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी झाले. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले म्हणा. वर्तमानपत्रातली आणखी एक सवय अंगावर राहिली. मी हातात बांगड्या घालत नव्हते. कीबोर्डवर खळखळ होते म्हणून पहिल्या महिन्यातच काढल्या होत्या, त्या काढल्याच. मनगटावर घड्याळ, बस. आईला ते अजिबात आवडायचं नाही.

रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष निवृत्त वकील होते. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. माणूस खराच चांगला, गरिबाकडून पै घ्यायचा नाही, पण त्यांना छापून यायची भारी हौस. त्यातून तो रुग्णालयाचा रौप्यमहोत्सव. लेटरहेडवर रौप्यमहोत्सव, कमानीवर रौप्यमहोत्सव, एवढंच काय, पाचोडला मोतीबिंदूचं मोठं शिबिर घेतलं तेव्हा पेशंटना द्यायच्या थेंबांच्या बाटल्यांवरसुद्धा त्यांनी ट्रस्टचं पिवळंधमक लेबल चिकटवून घेतलं होतं. वर उगवत्या सूर्याचं चित्र. मी तेव्हा हसले होते. औषधाच्या बाटलीवर कसली जाहिरात करता, असं तोंडावर म्हणाले होते. त्यांनी ऐकलं नाही.

त्या शिबिराला काही दिवस झाले आणि एका सकाळी आमचे मुख्य सर्जन तडक माझ्या टेबलाशी आले. हे डॉक्टर एरवी चालता चालतासुद्धा पाय न वाजवणारे. त्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

"पाचोडच्या शिबिरातले काही पेशंट परत आलेत. डोळे लाल, चिकट पाणी. सगळ्यांकडं शिबिरातलीच थेंबांची बाटली. मला औषधाचाच संशय येतोय."

बाटल्या तपासायला प्रयोगशाळेत गेल्या होत्या, कंपनीला कळवलं होतं, औषध प्रशासनालाही कळवलं होतं. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर थांबणं शक्यच नव्हतं, कारण ऑपरेशन झालेल्या डोळ्यात जंतू शिरले तर डोळा जाऊ शकतो. पेशंटना फोन लावायला दोन सिस्टर बसवल्या होत्या, रुग्णालयाची गाडी नव्या बाटल्या घेऊन पाचोडला निघाली होती.

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"पेपरात द्यायचंय. काहींचे फोन लागत नाहीत. वकीलसाहेबांनी प्रेसनोट लिहिलीय."

मी वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सुबक टाईप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. मथळा होता, 'रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त नेत्ररुग्णांसाठी मोफत फेरतपासणी शिबिर'. सुरुवात होती, 'गेली पंचवीस वर्षे ग्रामीण भागातील गोरगरीब जनतेच्या नेत्रसेवेसाठी अहोरात्र झटणाऱ्या आमच्या संस्थेने गुणवत्तेशी कधीही तडजोड केलेली नाही. याच उज्ज्वल परंपरेला अनुसरून...' मी सवयीनं तळाला गेले. होतंच तिथं. 'तसेच, पाचोड येथील शिबिरात वितरित करण्यात आलेल्या औषधांपैकी काही औषधे खबरदारीचा उपाय म्हणून बदलून देण्यात येतील.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, यात बातमी कुठाय?"

"आहे की. शेवटी."

"शेवटचं पेपरवाले छापत नाहीत. खालून कापतात. मी स्वतः इतकी वर्षं कापत आले."

"मग त्यांना फोन करून सांगा, कापू नका म्हणावं." वकीलसाहेब शांत होते. हा माणूस कोर्टात कधी आवाज चढवत नसे म्हणतात, ते खरं असणार. "हे बघा ताई, औषधात दोष निघालाय असं मथळ्यात छापलं तर काय होईल? लोक घाबरतील. पुढच्या शिबिराला एक माणूस येणार नाही. ज्यांना आपल्याशिवाय कुणी नाही, ते आंधळे होऊन घरी बसतील. मी काही माझ्या फोटोसाठी हे करत नाही."

त्यात तथ्य होतं, आणि त्यामुळंच मला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याशी भांडणं सोपं असतं. मी त्यांच्याच टेबलावरून माझ्या जुन्या पेपरातल्या सहकाऱ्याला फोन लावला. जिल्हा पान आता त्याच्याकडं होतं. मी विचारलं, "मोफत फेरतपासणी शिबिर अशी प्रेसनोट पाठवली तर कुठं घेशील?"

"शिबिर का? 'थोडक्यात'च्या रकान्यात. जागा झाली तर. आज नाही झाली तर परवा."

"परवा?"

"शिबिरंच शिबिरं आहेत बाई सगळीकडं. तुझंच काय सोन्याचं आहे?"

मी फोन ठेवला. वकीलसाहेब म्हणाले, "एका पेपरचं झालं. बाकीचे आहेत ना."

भांडून हा माणूस हलणार नाही हे मला कळलं होतं. मग मला डेस्कवरची एक जुनी युक्ती आठवली. मथळ्याबद्दल शंका असली की आम्ही तो शिपायाला नाहीतर फोनवरच्या कुठल्याही वाचकाला वाचून दाखवायचो आणि विचारायचो, यावरून तुम्हाला काय कळलं? तो काय सांगतो त्यावरून मथळा ठेवायचा की फाडायचा ते ठरायचं. मी सिस्टरकडून पाचोडच्या, अजून फोन न गेलेल्या एका पेशंटचा नंबर घेतला आणि वकीलसाहेबांच्या फोनचा स्पीकर चालू केला. डॉक्टर दारात उभे होते, तेही आत आले.

पलीकडं एक म्हातारे शेतकरी होते. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालेलं. मी कुठून बोलते ते सांगितलं आणि म्हणाले, "बाबा, एक बातमी वाचून दाखवते. ऐकून तुम्ही काय कराल तेवढं सांगा." आणि वकीलसाहेबांचा मथळा आणि पहिला परिच्छेद अगदी बातम्या दिल्यासारखा वाचला.

"लई चांगलं हाये," म्हातारबाबा म्हणाले. "येतो की शिबिराला. तारीख तेवढी सांगा."

"आणि थेंबांचं काय कराल?"

"काय म्हंजे? घालीतच ऱ्हायचे नं तवर. डाक्टरसाहेबांनी खंड पडू द्यायचा नाय म्हून सांगितलंय."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर फोनवर वाकले आणि म्हणाले, "बाबा, मी डॉक्टर बोलतोय. ते थेंब आता अजिबात घालायचे नाहीत. आमची गाडी आज नवी बाटली घेऊन तुमच्याकडं येतेय, ती आली की लगेच त्यातले सुरू करायचे. डोळा कसा आहे?"

"डोळा झ्याक हाये. अन् दुसरी बाटली मपल्याकडं हाये कुठं? दोन भेटल्या व्हत्या. एक चालू हाये, एक म्या बहिणीला देली."

"बहिणीला? त्यांचंही ऑपरेशन झालंय?"

"नाय वो. तिचा डोळा चुरचुरत व्हता. म्हनलं, एवढं चांगलं दवाखान्याचं औषध, वाया कशाला घालायचं. घेऊन जा म्हनलं."

मी विचारलं, "बाबा, बहिणीला फोन करून सांगता का लगेच? थेंब घालू नको म्हणावं."

"फोन कुठला तिला. बांगड्या विकती ती. आज ह्या बाजारात, उद्या त्या. कन्नडकडच्या समद्या बाजारांत फिरती, आठ-आठ दिस घरी येत नाय. ल्हानपणी देवी आल्या, तव्हा डावा डोळा गेला तिचा. ह्या एकाच डोळ्यावर हाये ती, पर बाईचा हात लांबून बघून माप सांगती." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, त्या औषधानं काय व्हतंय का वो? तेवढा येकच डोळा हाये तिला."

डॉक्टरांनी त्यांना धीर दिला. फोन बंद झाला. माझा राग कुठल्या कुठं गेला होता. आमच्याकडं प्रत्येक पेशंटचं नाव, गाव, नंबर होता, आणि ज्या बाईचा एकुलता एक डोळा होता तिचं नाव आमच्याकडं कुठंच असणार नव्हतं. आपल्याकडं एकमेकांना औषध देतात तसं म्हातारबाबांनी दिलं होतं. डोकेदुखीची गोळी, खोकल्याची बाटली, मलमाची अर्धी ट्यूब, सगळं शेजारीपाजारी फिरतं. माझ्या आईच्या डब्यात शेजारणीनं दिलेली औषधं अजून आहेत.

वकीलसाहेबांनी चष्मा परत घातला. "लिहा," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याच टेबलावर कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'पाचोड शिबिरातील रुग्णांनी डोळ्याचे थेंब वापरू नयेत'. डॉक्टरांनी मान डोलावली. मलाही बरं वाटलं, पण पेन खाली ठेवेपर्यंतच. हा मथळा कन्नडच्या बाजारातल्या बांगडीवालीनं ऐकला तर ती काय म्हणेल? म्हणेल, मी कुठं रुग्ण आहे, मी कुठं पाचोडच्या शिबिरात गेले. आणि ती म्हणायच्या आधी डेस्कवरचा माझा मित्रच म्हणेल, पाचोड आहे ना, मग पैठण तालुक्याच्या पानात टाका. कन्नडच्या पानावर ही बातमी जाणारच नाही. मथळ्यात गावाचं नाव आलं की बातमी त्या गावाची होऊन जाते. मी तो कागद चुरगाळला.

"बातमी पेशंटची नाही," मी म्हणाले. "बातमी बाटलीची आहे. बाटली ज्याच्या घरात आहे त्याला ती ओळखता आली पाहिजे."

"बॅच नंबर द्या," डॉक्टर म्हणाले.

"तो मुंगीच्या अक्षरात असतो. तुमचे पेशंट डोळ्यांचे आहेत, डॉक्टर."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "झाकण निळं आहे."

"मग लिहिते, निळ्या झाकणाचे."

"नको. निळी झाकणं निम्म्या कंपन्यांची असतात. लोक चांगली औषधं बंद करतील. काचबिंदूवाल्यानं थेंब बंद केले तर आणखी पंचाईत."

बरोबर होतं त्यांचं. खिडकीतून खाली ओपीडीची रांग दिसत होती. आणि मग वकीलसाहेब हळूच म्हणाले, "लेबल आहे ना. पिवळं."

आम्ही दोघंही त्यांच्याकडं वळलो.

"ते लेबल फक्त त्याच शिबिराच्या बाटल्यांना लावलंय," ते म्हणाले. "मीच लावून घेतलं. दुसऱ्या कुठल्या औषधावर ते नाही. सूर्याचं चित्र आहे, लांबूनसुद्धा ओळखू येतं."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. त्या लेबलवर ट्रस्टचं नाव होतं, रौप्यमहोत्सव होता, त्यांनी स्वतः निवडलेला रंग होता. ज्या गोष्टीनं घराघरात संस्थेचं नाव जावं असं त्यांना वाटत होतं, त्याच गोष्टीकडं बोट दाखवून आता लोकांना सांगायचं होतं की हे दिसलं तर हात लावू नका. मी तेव्हा हसले होते त्या लेबलाला, आणि आता माझ्या अख्ख्या बातमीचं काम त्याच्यावाचून होणार नव्हतं.

मी लिहिलं, 'पिवळ्या लेबलचे डोळ्याचे थेंब वापरू नका'.

त्याखाली दुसरी ओळ, 'पाचोडच्या नेत्रशिबिरात वाटलेल्या बाटल्या. कोणाला दिल्या असतील तर त्यांनाही सांगा'.

मग पहिला परिच्छेद. यावर आम्ही तिघं जाम भांडलो, पण आता ते कामाचं भांडण होतं. मी 'दूषित थेंब' लिहिलं, डॉक्टरांनी खोडलं. अहवाल आलेला नाही, संशय आहे, संशयच लिहा. ठीक. लोकांनी काय करायचं ते पक्कं आहे, कशामुळं ते अजून पक्कं नाही. मग करायचं ते मथळ्यात आणि संशय पहिल्या परिच्छेदात. वकीलसाहेबांनी 'सदर', 'वितरित' आणि 'आवाहन करण्यात येत आहे' घालायचा प्रयत्न केला, ते मी काढलं. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र हट्टानं वर आणायला लावली. ऑपरेशन झालेल्यांनी थेंब बंद करून नुसतं बसू नये, नवी बाटली लगेच घ्यावी. मी ते तिसऱ्या परिच्छेदात ठेवलं होतं. माझं माप माझ्यावरच उलटलं म्हणायचं. तिसरा परिच्छेद कापला गेला तर लोक औषधच सोडून देतील, म्हणून तेही वर आलं.

शेवटी झालं ते असं:

'सूर्याचे चित्र असलेले पिवळे लेबल ज्या बाटलीवर आहे, ते डोळ्याचे थेंब कोणीही वापरू नयेत. पाचोड येथील मोतीबिंदू शिबिरात वाटलेल्या या थेंबांत दोष असल्याचा संशय आहे. हे थेंब ज्यांनी वापरले, त्या सर्वांनी, डोळा लाल नसला तरी, बाटली घेऊन लगेच रुग्णालयात यावे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी औषध बंद ठेवू नये, नवी बाटली आजच घ्यावी. तपासणी आणि औषध मोफत आहे.'

मोठ्यानं वाचून बघितलं. एका दमात वाचून होत होतं. खाली कुठं यायचं, फोन नंबर, कोणती लक्षणं दिसली तर क्षणभरही थांबू नये, प्रयोगशाळेत नमुने गेलेत, कुणाकुणाला कळवलंय, हे एकेक परिच्छेदात, महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. सगळ्यात शेवटी अध्यक्षांचं निवेदन.

"हे कापलं जाणार ना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"बहुतेक."

"मग ठेवता कशाला?"

"कापायला काहीतरी पाहिजे ना त्यांना."

ते हसले नाहीत, पण निवेदन दुरुस्त करायला घेतलं. आधी त्यात 'गुणवत्तेशी तडजोड' वगैरे होतं. ते खोडून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बाटल्या आम्ही दिल्या. जबाबदारी आमची आहे.' वकील माणसानं हे लिहावं याचं मला नवल वाटलं. मनापासून आवडलंही, आणि हे आता खालून कापलं जाणार म्हणून वाईटही वाटलं.

जिल्ह्याची पानं शहराच्या पानांच्या बऱ्याच आधी छपाईला सुटतात, कारण गाड्यांना लांब जायचं असतं. दुपार कलायच्या आत मी सगळ्या दैनिकांना ई-मेल केले. विषयाच्या जागी 'प्रेसनोट' असं कधी लिहू नये, तिथं मथळाच लिहावा, उघडायच्या आधीच बातमी कळते. ज्यांचं ई-मेल अजून धड चालत नव्हतं त्यांना फॅक्स केला. सोबत बाटलीचा जवळून काढलेला फोटो. आणि मग एकेका डेस्कला फोन. मित्राला म्हणाले, "सगळ्या तालुक्यांना पाहिजे. पैठणपुरतं टाकलंस तर बघ."

त्यानं मेल उघडला असावा. मग म्हणाला, "ही सकाळची तीच शिबिराची प्रेसनोट का?"

"तीच."

"पहिल्या पानावर विचारतो," तो म्हणाला. "यात मला हात लावायला काही ठेवलंच नाहीस तू."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं ते एकमेव कौतुक. मी खुशाल घेतलं. मी चांगलं काम केलं होतं आणि मला ते ठाऊक होतं. पण कन्नडच्या बाजारातली ती बाई डोळ्यांपुढून हलेना. बातमी चांगली लिहिणं माझ्या हातात होतं, ती तिच्या कानावर जाणं नव्हतं. तिला वाचता येत होतं की नाही हेसुद्धा मी म्हाताऱ्यांना विचारलं नव्हतं.

सकाळी पेपर आले. बहुतेकांनी मथळा जसाच्या तसा घेतला होता. पहिला परिच्छेदही शब्दाला शब्द. एकानं फोटो मोठा छापला होता, पिवळं लेबल अगदी ठसठशीत. अध्यक्षांचं निवेदन सगळ्यांनीच कापलं होतं. वकीलसाहेबांनी अंक चाळले, घडी घालून ठेवले आणि जाऊन ओपीडीच्या दारात उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः विचारत होते, पिवळ्या लेबलासाठी आलात का? या, आत या.

लोक येत होते. पाचोडचे तर आलेच, पण कुणाची सून, कुणाचा व्याही, कुणाची शेजारीण असेही येत होते. ज्यांना आम्ही कधी बघितलं नव्हतं. मी प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या डाव्या डोळ्याकडं बघत होते. दुपार झाली, तशी माझी जेवायचीसुद्धा इच्छा होईना. सिस्टर म्हणाल्या, "ताई, खाऊन घ्या," आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

दुपारनंतर रिक्षातून एक बाई उतरली. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं, हातात पिशवी. डावा डोळा मिटलेला. वकीलसाहेबांनी काही विचारायच्या आत तिनं पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"ही घ्या," ती म्हणाली. "हिच्यासाठीच बोलिवलं नं तुमी?"

डॉक्टरांनी तिला रांगेतून पुढं घेतलं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. आत किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडून डॉक्टर म्हणाले, "सुरुवात झाली होती. आणखी दोन दिवस घातले असते तर अवघड होतं. आता राहील डोळा."

मला रडूच आलं. लपवलं नाही. वकीलसाहेबांनी मान फिरवली आणि खिशातला रुमाल माझ्याकडं केला.

ती बाहेर आली तशी मी तिला शेजारी बसवलं. विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं? पेपर वाचला?"

"मला कुठला वाचता येतोय. बाजारात हाटेलवाला हाये. सकाळी त्याच्याच बाकड्यावर बसून म्या थेंब घालीत असती. आज घालाय घेतले न् त्यो पेपर घेऊन बोंबलतच आला, आत्या थांब म्हून."

"काय वाचून दाखवलं त्यानं?"

"पिवळ्या लेबलचे थेंब घालू नका म्हून. म्हनला, आत्या, ती बाटली घे न् ही येष्टी उभी हाये, बस."

"आणि पुढचं? खाली आणखी होतं ना लिहिलेलं."

"पुढचं त्यानं वाचलंच नाय," ती म्हणाली. "टाइम कुठं व्हता?"

वकीलसाहेब तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, जणू कोर्टात समोरच्या वकिलाचा मुद्दा मान्य केला.

मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. घड्याळाच्या, मोकळ्या मनगटाकडं. तिनं तोंड वाकडं केलं, गाठोडं सोडलं, आणि औषध घातलेला तो एक लाल डोळा बारीक करून लांबूनच बघितलं. माप विचारलं नाही. हिरव्या बांगड्या काढल्या, माझा हात ओढून घेतला आणि एकेक चढवली. एकही अडकली नाही, एकही सैल झाली नाही.

त्या दिवशी उरलेले सगळे फोन आणि मेल मी त्या बांगड्यांच्या खळखळाटातच केले.